चौसष्ट स्वच्छ निबंध

पासष्ट इंग्रजी निबंधांपैकी चौसष्ट निबंधांत एकही अपूर्ण वाक्य नव्हते. पासष्टाव्यात चार होती.

हे निबंध बारावीची परीक्षा दिलेल्या मुलामुलींनी एप्रिलमधल्या एका रविवारी, नागपुरातील एका शाळेच्या सभागृहात बसून लिहिले होते. आमचा न्यास दरवर्षी ही स्पर्धा घेतो. पहिल्या येणाऱ्या एकाच विद्यार्थ्याला पुण्यात तीन वर्षे शिकण्याचा आणि राहण्याचा संपूर्ण खर्च मिळतो. दुसऱ्याला प्रमाणपत्र मिळते.

या वर्षी दुसरी आलेल्या मुलीने तक्रार केली. तिचे नाव दीक्षा गजभिये, राहणार भिवापूर. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते: परीक्षकांनी माझी चार वाक्ये अपूर्ण म्हणून प्रत्येकी एक गुण कापला, ती वाक्ये मी जाणून तशी लिहिली आहेत, ते चार गुण मिळाले असते तर मी पहिली असते.

न्यासाचे अध्यक्ष रुपरावजी यांनी ही तक्रार माझ्याकडे सोपवली. मी विश्वस्तांपैकी एक. नोकरीची सगळी वर्षे पाण्याचे आणि अन्नाचे नमुने तपासण्यात गेली, आणि इंग्रजी साहित्याशी माझा संबंध वाचकापुरता.

"तुमी जिंदगीभर पानी तपासलं, हर्षा मॅडम," रुपरावजी म्हणाले. "हे बी तपासून टाका. पन निकाल बदलनार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पेपरात फोटो छापून आला पोरीचा."

"मग तपासायचं कशाला?"

"तपासलं असं लिहाले लागते ना."

मी निबंध मागवले. मुलांनी हाताने लिहिलेल्या मूळ उत्तरपत्रिका निकालानंतर रद्दीत गेल्या होत्या; दरवर्षी जातात. अक्षरावरून परीक्षकांचे मत बनू नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक निबंध संगणकावर टंकित करून, नावाऐवजी क्रमांक घालून त्यांच्याकडे पाठवतात. त्या टंकित प्रती मिळाल्या. समास परीक्षकांनी लाल शाईने भरलेले होते.

दीक्षाच्या निबंधात तिच्या आईचे वर्णन होते. हंगामात तिची आई मिरचीचे देठ खुडण्याचे काम करते. त्यातील एक उतारा असा:

"In February the yard behind our house turns red, and my mother sits in it from morning until the light goes. Stem after stem after stem. She does not cough in front of the trader. Only at home. The burning leaves her hands after three washings. Not her eyes."

ज्या तीन वाक्यांत क्रियापद नाही त्यांच्यासमोर लाल शाईत 'फ्रॅग', म्हणजे फ्रॅगमेंट, अपूर्ण वाक्य, असे लिहिले होते. चौथे असेच वाक्य निबंधाच्या शेवटी होते.

परीक्षक दोन होते. त्यांपैकी ज्येष्ठ ते प्राध्यापक जितेंद्र उमाळे. मी त्यांना त्यांच्या महाविद्यालयात जाऊन भेटले. मे महिना होता, कूलर सुरू होता आणि त्याच्या आवाजामुळे आम्हा दोघांनाही थोडे मोठ्याने बोलावे लागत होते.

"मॅडम, इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, काळ दाखवणारं क्रियापद लागतं," ते म्हणाले. "यांपैकी काहीच नसेल तर ते वाक्य नाही. नियमपत्रकात लिहिलंय, दर अपूर्ण वाक्याला एक गुण वजा. नियम आम्ही नाही केला. तुमच्या न्यासाने केला, याच वर्षी."

हे खरे होते. मागच्या वर्षी गुणांवरून कुरबुर झाली होती, म्हणून रुपरावजींनी गुणदान वस्तुनिष्ठ व्हावे यासाठी हे पत्रक काढले होते. मोजता येते ते वस्तुनिष्ठ, ही त्यांची समजूत बऱ्याच शास्त्रज्ञांचीही असते.

"मोठे लेखक अशी वाक्यं लिहितात ना?" मी विचारले.

"लिहितात. ते जाणून लिहितात."

"जाणून लिहिलं आणि चुकून लिहिलं, हे तुम्ही कसं ओळखता?"

त्यांनी पेन खाली ठेवले. प्रश्न त्यांना आवडला असावा. वर्गात तो कोणी विचारत नसेल.

"चुकीचा प्रकार वेगळा असतो. आपल्या पोरांची चूक म्हणजे 'बिकॉज'. 'I want to be a nurse. Because my aunt is a nurse.' दुसरं वाक्य पहिल्याला जोडलेलं हवं. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, तरी ते एकटं उभं राहू शकत नाही. पोरगं ते तोडतं, कारण त्याला ते तुटलंय हेच दिसत नाही. त्या तोडण्यातून काही साधत नाही. जाणकार तोडतो तेव्हा आसपासची वाक्यं धड असतात, आणि तोडल्यामुळे काहीतरी होतं. जोर येतो. किंवा वाचक थांबतो."

"मग या निबंधात?"

त्यांनी उतारा पुन्हा वाचला. दोनदा वाचला, हे मी पाहिले.

"आता तुम्ही विचारल्यावर वेगळं वाटतं," ते म्हणाले. "पण मॅडम, आम्ही लागोपाठ पासष्ट वाचले. चौसष्टांत असं एक वाक्य नाही. दरवर्षी 'बिकॉज'वाल्या वाक्यांचा पाऊस असतो. या वर्षी एक नाही. मी दुसऱ्या परीक्षकांना म्हटलंसुद्धा, शाळा सुधारल्या वाटतं. आणि मग ही एकच मुलगी, चार वेळा. सगळ्यांना कळतं ते हिला कळत नाही, असंच वाटणार ना? आधी पूर्ण वाक्य लिहायला शिकावं, मग तोडावं."

"बाकीची वाक्यं तिची पूर्णच आहेत."

"हो," ते म्हणाले, आणि प्रत मला परत दिली.

दीक्षा पुढच्या आठवड्यात वडिलांबरोबर माझ्या घरी आली. वडील प्रेमानंद गजभिये एसटीत वाहक आहेत; ड्यूटी बदलून आले होते. पुण्याच्या महाविद्यालयाने वसतिगृहाची जागा जूनच्या दहा तारखेपर्यंत राखून ठेवली होती, हे त्यांनी बसता बसताच सांगितले. त्यानंतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि न्यासाच्या पैशाशिवाय ती घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मी दीक्षाला तिची चारही वाक्ये पूर्ण करून दाखवायला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. अपमान गिळतानाचा चेहरा मला ओळखता येतो. माझ्या पिढीतल्या बायकांनी प्रयोगशाळांत तो वर्षानुवर्षे वागवला आहे.

"'She coughs only at home,'" ती म्हणाली. "'The burning does not leave her eyes.' अजून दोन पाहिजे?"

"मग असंच का नाही लिहिलंस?"

"तसं लिहिलं तर 'cough' दोनदा येतो. व्यापाऱ्यासमोर ती खोकत नाही, तर वाक्यातही खोकला दुसऱ्यांदा नको होता मले."

"हे तू लिहिताना ठरवलंस, की तक्रार करताना?"

"काहून असं विचारता, मॅडम?" प्रेमानंद म्हणाले. "पोरगी खोटं बोलून राहिली असं वाटते का तुमाले?"

"नाही वाटत. पण नंतर सांगितलेलं कारण कोणीही सांगू शकतं. मला पुरावा पाहिजे."

"बाबा, बरोबर आहे त्यांचं," दीक्षा म्हणाली. मग माझ्याकडे वळून: "माझ्या निबंधात 'बिकॉज' पाच वेळा आहे. पाचही वेळा जोडून आहे. ज्याला तुटलेलं दिसत नाही, तो पाच वेळा कसा जोडेल?"

मी मोजले. पाच होते आणि पाचही जोडलेले होते. हा पुरावा होता, आणि तो मी स्वतः शोधायला हवा होता.

"तुले लिहाले कोनं शिकवलं असं?" ती निघताना मी तिला तिच्याच बोलीत विचारले. माझी बोली आता जरा उसनी वाटते, म्हणून ती हसली.

"कोणी नाही. वाचताना दिसलं. आमच्या सरांनी तर सांगितलं होतं, परीक्षेत असं नको लिहू. मी म्हटलं, वाचणारे शिकलेले असतील."

प्रेमानंदांनी तिच्या दंडाला हात लावला. "चल वं."

इथपर्यंत एक गोष्ट सिद्ध झाली होती: चारही वाक्ये हेतुपूर्वक लिहिलेली होती. माझे काम एवढेच होते. मात्र मला त्या एका निबंधापेक्षा उरलेले चौसष्ट अधिक अस्वस्थ करत होते.

मी ते सगळे वाचले. त्यांत चुका भरपूर होत्या. काळ चुकले होते, उपपदे गळली होती, 'discuss about' होते, 'myself Rohit' होते. म्हणजे ही मुले आपल्याकडची नेहमीची मुले होती आणि नेहमीसारखेच इंग्रजी लिहीत होती. नमुन्यात सगळ्या अशुद्धी सापडतात आणि एकच, जी सर्वांत सामान्य असायला हवी, ती शून्य येते, तेव्हा आम्ही पाणी शुद्ध आहे असे म्हणत नाही. नमुना कोणीतरी हाताळला आहे असे म्हणतो.

खात्रीसाठी मी हुडकेश्वरमधल्या एका शिकवणीवर्गात गेले. तिथे सुट्टीत कुही, उमरेड, भिवापूरकडची मुले बारावीनंतरच्या परीक्षांची तयारी करतात. शिकवणाऱ्या बाईंनी अर्धा तास दिला. मी मुलांना स्पर्धेचाच विषय देऊन एक पान लिहायला सांगितले. बहुतेकांच्या पानावर 'बिकॉज'ने सुरू होणारे तुटके वाक्य होते; काहींच्या पानावर 'विच'ने सुरू होणारेही. त्यात नवल नाही. मराठीत आपण पूर्णविराम देऊन 'कारण'ने नवे वाक्य सुरू करतो आणि ते वाक्य पूर्ण असते. मुले मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितात, आणि पूर्णविराम मराठीचाच राहतो.

आमच्या स्पर्धेतील मुले या मुलांपेक्षा थोडी सरस असतील. शून्याइतकी सरस नसतील.

मूळ उत्तरपत्रिका आणि टंकित प्रती यांच्यामध्ये दोनच माणसे येतात. एक टंकलेखक, ज्याला इंग्रजी वाचता येते पण तपासता येत नाही. दुसरी व्यक्ती अरुंधती देव. त्या चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि आता स्पर्धेच्या संयोजक आहेत. टंकित प्रत मूळ प्रतीशी ताडून विरामचिन्हे तपासणे हे काम न्यासाने त्यांच्याकडे दिलेले आहे, कारण टंकलेखक पूर्णविराम गाळतो.

मी सायंकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा टाकला. मी हुडकेश्वरची पाने टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वरची दोन वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"विचार ना सरळ," त्या म्हणाल्या.

"तुम्ही पूर्णविराम बदललेत, अरुंधतीताई."

"बदलले." आवाजात बचाव नव्हता. "शब्द मी कोणाचा बदलला नाही, हर्षा. काळ चुकला तो चुकलेला ठेवला. स्पेलिंग ठेवलं. फक्त पूर्णविराम काढला आणि 'बिकॉज'चा बी लहान केला. तेवढंच माझं काम आहे, विरामचिन्हं."

"ताडायची. सुधारायची नाहीत."

"ते पत्रक वाचलंस तू? दर तुटक्या वाक्याला एक गुण. खेड्यातल्या पोराला आठ-आठ गुण गेले असते. ज्याला ही चूक आहे असं कोणी सांगितलेलंच नाही, त्याला. कॉन्व्हेंटच्या पोरांचा एकही गेला नसता. हे रुपरावजींचं वस्तुनिष्ठ." त्यांनी हुडकेश्वरची पाने जुळवून ठेवली. "शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आदल्या दिवशी आम्ही सगळ्या बाया बसून वह्या साफ करायचो. पोरांची लाज नको जायला. सगळ्याच शाळांत करतात. तुझ्याही वह्या कोणीतरी साफ केल्या असतील."

"दीक्षाच्या का नाही केल्या?"

"कोणाच्या?"

मी उतारा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला; चेहरा उजळला, आणि ते पाहणे मला नंतरच्या सगळ्यापेक्षा कठीण गेले.

"ही. हिला हात लावायचा कसा? यात काढण्यासारखं काय आहे? इथे चूक नाहीच. चौतीस वर्षांत मला अशी दोन मुलं मिळाली असतील. मी ते पान बाजूला ठेवून पुन्हा वाचलं. म्हटलं, हिला पहिला नंबर मिळणार, परीक्षक आंधळे असले तरी मिळणार." त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "मिळाला ना?"

त्यांनी निकाल पाहिला नव्हता. क्रमांकांवरून निबंध कोणाचा हे त्यांना ठाऊक नसते, आणि निकालाच्या समारंभाला त्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे गेल्या नव्हत्या.

मी सांगितले. प्राध्यापक उमाळे काय म्हणाले तेही सांगितले. चहा उकळून ओट्यावर गेल्याचा वास आला; त्या उठल्या नाहीत, म्हणून मी उठून गॅस बंद केला.

परत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाकीच्यांचे पूर्णविराम मी ठेवले असते, तर परीक्षकांना फरक दिसला असता."

"हो."

"पहिली कोण आली?"

"भूमिका ठाकरे. कुहीची." मी त्या निबंधाची टंकित प्रत पुढे केली.

त्यांनी ती वाचली. "ही आठवते. हिची मी चार-पाच जोडली. चांगलं लिहिते, पण 'बिकॉज' सगळे तुटलेले." मग शिक्षिका हिशोब करतात तसा त्यांनी तो मनातल्या मनात केला असावा, कारण त्यांचे ओठ हलले. भूमिका दीक्षापेक्षा तीन गुणांनी पुढे होती. तिची चारच तुटकी वाक्ये जरी तशीच राहिली असती, तर परीक्षकांनी दीक्षाचे चारही गुण चुकीने कापूनसुद्धा दीक्षा एका गुणाने पुढे राहिली असती.

"हे लिहून द्याल?" मी विचारले.

"लिहून दिलं तर चौसष्टच्या चौसष्ट निबंध रद्द होतात. त्या भूमिकेचा प्रवेश जातो. तिने काय केलंय?" त्यांनी ती प्रत पालथी ठेवली. "तिच्या घरी पेढे वाटून झाले असतील. नाही, हर्षा. मी सही नाही करणार. तू तुझं लिही, मी नाकारणार नाही."

दुसऱ्या दिवशी रुपरावजींना मी सगळे तोंडी सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही.

"म्हनजे बाईनं चांगल्यासाठी केलं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आन् परीक्षकानं नियमानं केलं."

"हो."

"मग आपन कोनाले काय बोलनार?"

"दोघींना खर्च देता येईल."

"न्यासपत्रात एक लिहिलं आहे, मॅडम. एकच. दोन द्याचे तर धर्मादाय आयुक्ताकडे जा, दुरुस्ती करा. दहा तारखेपर्यंत होते का ते?" त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. "पुढच्या वर्षी ते पत्रक काढून टाकू. ठीक?"

दहा तारीख गेली. दीक्षाने नागपूरच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राला प्रवेश घेतला. रोज भिवापूरहून एसटीने ये-जा करते. प्रेमानंदांनी फोनवर मला विचारले, "मॅडम, शेवटी चूक कोनाची निघाली?" मी म्हणाले, अहवाल पाठवते. ते म्हणाले, "पाठवा. पोरगी वाचून घेईल. पन तिनं आता तसं लिहिनं सोडलं, सांगून ठेवतो. सारी वाक्यं पुरी करते. कॉलेजच्या सरांनी शाबासकी दिली."

अहवालात मी पुढील कारण नोंदवले, आणि ते इथेही तसेच देते.

क्रमांक पासष्टच्या निबंधातील चारही अपूर्ण वाक्ये हेतुपूर्वक लिहिलेली होती. उरलेल्या चौसष्ट निबंधांतील अपूर्ण वाक्ये चुकीने लिहिलेली होती, आणि ती परीक्षकांकडे जाण्यापूर्वी संयोजकांनी जोडली. हेतू आणि चूक यांतला फरक संयोजकांना अचूक कळत होता, म्हणूनच त्यांनी फक्त चुका दुरुस्त केल्या आणि हेतूला हात लावला नाही. त्यामुळे परीक्षकांसमोर तुलनेसाठी एकही खरी चूक उरली नाही, आणि जी एकमेव वेगळी गोष्ट उरली ती त्यांनी चूक मानली.